जाहिरातीत न दिसणारी गाडी

कोरेगावच्या बाजारपेठेत घेवड्याचे पोते विकत घेताना कोणीही व्यापारी वरचे मूठभर दाणे पाहून भाव ठरवीत नाही. पोत्याच्या पोटात सळई खुपसून मधला माल बाहेर काढला जातो, आणि मगच बोली होते. मात्र तोच व्यापारी जुनी मोटार घेण्याचा विचार करू लागला की मोबाईलच्या पडद्यावरचे आठ-दहा फोटो पाहतो, किंमत वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकान मुलावर सोपवून, मेस्त्रीला दिवसाची मजुरी देऊन पुण्याला किंवा सांगलीला निघतो. दोन्हीकडचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. एकदा तेथे पोहोचले, चहा झाला, विक्रेत्याशी ओळख निघाली की रिकाम्या हाताने परतणे संकोचाचे वाटू लागते. म्हणून पारख घरबसल्याच झालेली बरी. जाहिरात नीट वाचली तर बऱ्याच फेऱ्या वाचतात, आणि ज्या फेऱ्या कराव्या लागतात त्यांत काय पाहायचे हेही आधीच ठरलेले असते.

जुन्या गाडीतील दोष अनेक प्रकारचे असले, तरी आपल्या भागापुरता एक दोष प्रकर्षाने लक्षात ठेवला पाहिजे, तो म्हणजे पुरात बुडालेली गाडी. सातारा-कोरेगाव रस्त्यावर संगम माहुलीला जी कृष्णा आपण ओलांडतो, तीच पुढे कराडवरून सांगलीला जाते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगली आणि कोल्हापूरच्या पेठा व वसाहती कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. जुलै २०२१ मध्ये सांगलीला पुन्हा पूर आला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला चिपळूण बुडाले. माणसे माडीवर गेली, माल जमेल तेवढा वर चढवला, पण दारातली मोटार वर नेता येत नव्हती.

अशा गाड्यांचे पुढे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय जाहिरात वाचता येत नाही. विमा उतरवलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विमापत्रावरील ठरीव किमतीच्या, म्हणजे ‘आयडीव्ही’च्या, ७५ टक्क्यांहून अधिक होणार असेल, तर विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीची गाडी समजते, मालकाला पैसे देते, आणि गाडी भंगाराच्या लिलावात जाते. येथपर्यंत सारे रीतसर आहे. परंतु पुरातल्या गाडीचा पत्रा वाकलेला नसतो आणि रंगही जागेवर असतो. आतले धुऊन, वाळवून, नवी गादी व नवा गालिचा घालून ती चालू करता येते. नोंदणी रद्द झाली नसेल तर तिचे आरसी पुस्तक जिवंतच राहते. मग ती दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच्या नावावर, ‘आतून एकदम नवी’ म्हणून जाहिरातीत अवतरते.

धोका चालू न होण्यात नाही, चालू होण्यात आहे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले असेल तर फारसे बिघडत नाही. पाणी सीटखाली शिरले की तारांच्या जोडण्यांत गाळ बसतो. बऱ्याच मोटारींत एअरबॅगचे नियंत्रण करणारी डबी दोन सीटांच्या मधल्या उंचवट्याखाली, म्हणजे जमिनीलगतच असते. डॅशबोर्डपर्यंत पाणी चढले असेल तर फ्यूजपेटी, एसीचा पंखा आणि इंजिनाचा संगणक हे सारेच भिजलेले असते. या जोडण्या धुतल्यावर काही महिने चालतात, आतून हळूहळू गंजतात, आणि घाटात रात्री दिवे जातात किंवा धडकेच्या वेळी एअरबॅग उघडत नाही. आपल्या घरातील माणसे त्या गाडीतून लग्नाला, तीर्थयात्रेला, मालाच्या खरेदीला जाणार असतात.

आता एक जाहिरात समोर ठेवू. गाडी कल्पित आहे, पण तिच्यातील प्रत्येक शब्द अशा जाहिरातींत रोज वाचायला मिळतो. ‘डिझायर डिझेल, २०१७ मॉडेल, सांगली पासिंग, सेकंड ओनर, ३८,००० किमी, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, कंपनी सर्व्हिस, नवे सीट कव्हर, नवी मॅटिंग, थर्ड पार्टी चालू, पेपर क्लिअर, फायनान्स उपलब्ध. बदलीमुळे तातडीने विकणे. गाडी पुण्यात.’ किंमत त्याच वर्षाच्या इतर गाड्यांहून पाऊण लाखाने कमी. सोबत नऊ फोटो.

प्रथम शब्द पाहू. ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ हा शब्द खराही असेल. तो धडकेविषयी बोलतो, पाण्याविषयी नाही. बुडालेल्या गाडीचा विक्रेता खोटे न बोलता तो लिहू शकतो. ‘बदलीमुळे’ आणि ‘फायनान्स उपलब्ध’ हे दोन शब्द एकत्र बसत नाहीत. बदली होऊन चाललेला नोकरदार गृहस्थ ग्राहकाला कर्ज मिळवून देत बसत नाही, ते काम दलालाचे. दलाल असणे हा गुन्हा नव्हे, आपणही आडतीच्या व्यवहारातलेच. पण दलालाने मालक असल्याचे भासवले, तर गाडीचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक नाही किंवा सांगायचा नाही, एवढे तरी त्यातून कळते.

‘सेकंड ओनर’ आणि ‘सांगली पासिंग, गाडी पुण्यात’ यांवर थोडे थांबावे. सांगलीचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो, तो वडिलांची गाडी तेथेच विकतो, असे हजारो प्रामाणिक व्यवहार होतात. केवळ एमएच-१०, एमएच-०९ किंवा एमएच-०८ क्रमांक दिसला म्हणून नाक मुरडणे त्या लोकांवर अन्याय ठरेल. शिवाय बाहेरगावी विकलेली गाडी तिचा क्रमांक घेऊनच फिरते. म्हणून सातारच्या एमएच-११ क्रमांकाची, पण पुराच्या वेळी सांगलीत उभी असलेली गाडीही असू शकते. क्रमांक संशय घेण्यास सांगत नाही, प्रश्न विचारण्यास सांगतो. दुसऱ्या मालकाने ती कोणत्या महिन्यात घेतली, हा तो प्रश्न. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतर लगेच ती हातबदल झाली असेल, तर पुढची सारी तपासणी अधिक कसून करायची.

‘थर्ड पार्टी चालू’ हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सर्वंकष विमा मध्ये खंडित झाला असेल, तर तो पुन्हा उतरवताना कंपनी गाडीची पाहणी करून घेते. केवळ तिसऱ्या पक्षाच्या विम्याला अशी पाहणी लागत नाही. म्हणून जिच्या अंगात दोष आहे, अशा गाडीला हा विमा सोयीचा पडतो. अर्थात आठ-दहा वर्षे झालेल्या गाडीला काटकसर म्हणूनही अनेक मालक तेवढाच विमा ठेवतात. एकट्या या शब्दावरून काही सिद्ध होत नाही, पण तो इतरांच्या पंगतीत बसला की त्याचे वजन वाढते.

उलट बाजूने, विमापत्र हे खातेवहीसारखे बोलके असते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, पहिल्या निर्वेध वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी चढते. दावा झाला की साधारणपणे ती शून्यावर येते. पहिल्याच मालकाकडे असलेल्या गाडीवर २०१९ पर्यंत सूट चढत होती आणि २०२० च्या विमापत्रात ती शून्य झाली, तर मधल्या वर्षात काहीतरी मोठे घडले, हे उघड आहे. याला अपवाद दोन. सूट टिकवून ठेवणारे जादा संरक्षण घेतलेले असेल तर दावा होऊनही ती राहते, आणि मालक बदलला की नव्या मालकाला जुन्याची सूट मिळत नाही. म्हणून दुसऱ्या मालकाच्या विमापत्रातील शून्याला अर्थ नाही, पहिल्या मालकाच्या काळातली विमापत्रे हवीत. ती जपून ठेवणारा मालक भेटला तर अर्धे काम झाले.

‘कंपनी सर्व्हिस’ असे लिहिले असेल तर तेही तपासता येते. अधिकृत वर्कशॉपमधील नोंदी गाडीच्या क्रमांकावर राहतात, आणि प्रत्येक नोंदीत तारीख व किलोमीटर असतात. मालकाने ती यादी काढून पाठवावी, एवढीच विनंती करायची. समजा आपल्या नमुन्यातील गाडीची नोंद दर सहा-आठ महिन्यांनी झालेली आहे, जून २०१९ मध्ये ४६,००० किलोमीटर लिहिले आहेत, आणि त्यानंतर पान कोरे आहे. मग जाहिरातीतील ३८,००० हा आकडा तर खोटा ठरतोच, शिवाय ऑगस्टनंतरचे काम कंपनीबाहेर का झाले, हाही प्रश्न उभा राहतो. डिझेल गाडी घेणारा माणूस सहसा जास्त फिरणारा असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. सात-आठ वर्षांच्या डिझेल मोटारीवर इतके कमी किलोमीटर दिसले, की जमाखर्च न जुळणारी वही पाहिल्यासारखे वाटले पाहिजे.

आता फोटो. फोटोत काय आहे त्यापेक्षा काय नाही, ते आधी मोजावे. आपल्या जाहिरातीत नऊ फोटो आहेत. पाच बाहेरून, त्यांतले चार एकाच बाजूचे. दोन सीटांचे, एक स्टेअरिंगचा, एक चाकाचा. नाहीत ते असे: डावी बाजू, बॉनेटखालचे इंजिन, डिकीतील स्टेपनीची खोबण, सीटखालची जमीन, आणि इंजिन चालू असताना मीटरचे दिवे. नेमकी हीच ठिकाणे अशी आहेत की जेथे गाळ, गंज आणि दुरुस्ती लपवणे कठीण जाते. नवशिका विक्रेता अज्ञानामुळेही हे फोटो काढत नाही. त्याने ते का वगळले याचा तर्क करत बसण्यापेक्षा ते मागून घ्यावेत.

जे फोटो आहेत त्यांतही थोडे वाचता येते. गाडी धुऊन ओली असतानाच काढलेले फोटो रंगातील फरक झाकतात. कोरड्या दारावर समोरच्या भिंतीची किंवा विजेच्या तारेची सरळ रेघ उमटते, ती मध्येच लाटेसारखी वाकली तर खाली लांबी भरलेली असते. एक हेडलाइट चकचकीत आणि दुसरा पिवळट असेल तर एक बदललेला आहे. दोन्हींच्या काचेत आतून वाफ धरलेली किंवा आडवी पुसट रेघ दिसली, तर ती पाण्याची असण्याचा संभव मोठा. पाठीमागच्या पार्श्वभूमीकडेही पाहावे. ‘घरगुती गाडी’च्या मागे सात गाड्या ओळीने उभ्या असतील तर ते घर नव्हे. जाहिरात वैशाखातली आणि गाडीमागे हिरवेगार गवत व गणपतीचा मांडव असेल, तर फोटो निदान आठ महिन्यांपूर्वीचे. इतके दिवस ती का विकली गेली नाही, असे विचारायला हरकत नाही.

नव्या सीट कव्हरविषयी एक सावधानता. आपल्याकडे गाडी घेतल्याबरोबर कव्हर चढवण्याची रीतच आहे, म्हणून नवे कव्हर हा पुरावा होत नाही. मात्र कव्हर, मॅटिंग आणि छताचे कापड हे तिन्ही नवे, आणि टायर मात्र झिजलेले, असे दिसले तर विचार करावा. गाडी सजवून विकणारा माणूस आधी टायर व रंगाकडे पाहतो, छताचे कापड सहजासहजी कोणी बदलत नाही.

इतके वाचून झाले की विक्रेत्याला एक सभ्य निरोप पाठवावा. फोनपेक्षा लेखी बरा, कारण उत्तरही लेखी येते. मजकूर साधारण असा असावा: ‘नमस्कार. आपली गाडी पाहण्यास कोरेगावहून येण्याचा विचार आहे. त्यापूर्वी कृपया आरसीच्या दोन्ही बाजूंचा, चालू व मागील विमापत्रांचा आणि सर्व्हिसच्या नोंदींचा फोटो पाठवावा. स्टेपनी काढून खालच्या खोबणीचा, चालकाची सीट पूर्ण मागे सरकवून खालच्या रुळांचा, आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाचा फोटो हवा. किल्ली फिरवण्यापासून इंजिन चालू होईपर्यंत मीटरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवल्यास उपकार होतील.’

या मागणीतील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. स्टेपनीची खोबण गाडीतील सर्वांत खोलगट जागांपैकी एक, तेथे गाळ साठतो आणि सांध्यांत शिल्लक राहतो. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट कोरड्या, बंद गाडीत सहसा तांबड्या गंजाने भरत नाहीत. सीट बेल्टचा जो भाग एरवी गुंडाळलेलाच राहतो, तेथे गढूळ पाण्याची रेघ धुतली तरी पुसट राहते. दुरुस्ती करणाऱ्यांचे लक्ष तेथपर्यंत सहसा जात नाही. मीटरच्या व्हिडिओत किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर दोष आहे. तो मुळीच लागला नाही, तर बहुधा दोष झाकण्यासाठी कोणी तो दिवाच निकामी केला आहे, आणि हे अधिक गंभीर.

आरसी हाती आली की ‘एमपरिवहन’ अ‍ॅपमध्ये क्रमांक घालून नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा ताडून पाहावा. बोजा दिसत असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ याशिवाय ‘पेपर क्लिअर’ हे शब्द पोकळ आहेत. ‘मॉडेल २०१७’ म्हणजे बनावटीचे साल की पासिंगचे, हेही आरसीवर कळते. मालवाहू गाडीबाबत, म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप घेणाऱ्यांसाठी, एक शब्द स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा: ‘फक्त पासिंग बाकी’. येथे पासिंग म्हणजे योग्यता प्रमाणपत्र. ते गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. ते बाकी आहे याचा अर्थ तपासणीसाठी गाडी उभी करण्याची विक्रेत्याची तयारी नाही, आणि ते काम तो आपल्यावर सोपवीत आहे. तो खर्च आधी त्याच्या माथी मारावा, मग भाव करावा.

फोनवर प्रश्न कसा विचारावा यालाही महत्त्व आहे. ‘गाडी पुरात होती का?’ याला ‘नाही हो शेठ’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘२०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी कुठे उभी होती? पाणी चाकापर्यंत आले की सीटपर्यंत?’ असे विचारावे. प्रामाणिक माणूस सरळ सांगतो: ‘काका, गाडी विटा रोडला मामांकडे होती, पाणी लागलेच नाही,’ किंवा ‘अंगणात होती, पायदानापर्यंत पाणी आले, वर्कशॉपचे बिल आहे.’ हे दुसरे उत्तर देणाऱ्याचा लगेच त्याग करू नये. बिलात काय बदलले ते वाचावे. जमिनीपर्यंतच पाणी आलेली, बंद अवस्थेत ओढून नेलेली, कंपनीत उघडून साफ केलेली गाडी योग्य भावात घेता येते. ‘थोडे पाणी लागले होते, किरकोळ,’ एवढेच म्हणून बिलाचा विषय टाळणारा मात्र सोडून द्यावा. पाण्यात असतानाच चालू करण्याचा प्रयत्न झाला असेल तर पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरून दांडा वाकतो, आणि ‘इंजिन नुकतेच नवे केले’ या अभिमानाच्या वाक्यामागे कधीकधी हेच दडलेले असते.

याच टप्प्यावर काही विक्रेते आगाऊ रक्कम मागतात. ‘दुसरे ग्राहक येत आहेत, पाच हजार टाकून ठेवा.’ सैन्यात असल्याचे सांगून, ओळखपत्राचा फोटो पाठवून, गाडी छावणीतून पाठवतो असे म्हणणाऱ्यांचा प्रकार तर आता जुना झाला आहे, तरी अजून लोक त्यात सापडतात. गाडी व कागद डोळ्यांनी पाहण्यापूर्वी एक रुपयाही देऊ नये. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे घरातील तरुणांना ठाऊक असते, ज्येष्ठांनाही एकदा सांगून ठेवावे.

आपल्या नमुन्यातील गाडीचे काय करावे? समजा आरसी आली, चालू विमापत्र आले, पण मागची विमापत्रे ‘सापडत नाहीत’. सर्व्हिसची यादी जून २०१९ ला थांबते. स्टेपनीचा फोटो आला तो स्टेपनी जागेवर असतानाचा. सीटच्या रुळांचा आलाच नाही. मीटरचा व्हिडिओ आला, पण तो इंजिन चालू झाल्यानंतर सुरू होतो. मागण्यांपैकी जी उत्तरे टाळली गेली ती सारी एकाच दिशेला बोट दाखवतात. किंमत पाऊण लाखाने कमी असण्याचे कारणही तेथेच आहे. या गाडीसाठी पुण्याची फेरी करू नये, भाव आणखी उतरला तरीही.

याउलट, याच वर्णनाच्या दुसऱ्या गाडीच्या मालकाने खोबणीचा धुळीने भरलेला पण गंजरहित फोटो पाठवला, टायरवरच्या चार आकड्यांचाही फोटो न मागता जोडला, आणि यादीतील किलोमीटर चढत्या क्रमाने ९२,००० पर्यंत येऊन मीटरशी जुळले, तर आकडा मोठा असूनही निघावे. ते चार आकडे टायरच्या बनावटीचा आठवडा व साल सांगतात. ‘३१२०’ म्हणजे २०२० चा एकतिसावा आठवडा. मूळचे टायर झिजून एकदा बदलले गेले, हे इतक्या किलोमीटरांशी सुसंगतच आहे.

निघण्यापूर्वी विक्रेत्याला कळवून ठेवावे की आपण सकाळी लवकर पोहोचू, आणि तोपर्यंत गाडी चालू करू नये व धुऊही नये. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवावा. तो गरम लागला तर मेस्त्रीला आधी थंड इंजिनाची तपासणी करता येणार नाही, मग दोन तास थांबण्याची तयारी ठेवावी आणि तेवढ्यात सीटखालचे व डिकीतले पाहून घ्यावे.